डोळ्यात पडदा सरकलाय: आज कोल्हापूर की सोमवारी पुणे?

निपाणीत डोळ्यांच्या दवाखान्यात स्कॅनच्या मशीनवर मी बसतो. आपल्याकडे "डोळ्यावर पडदा आलाय" हे वाक्य मोतीबिंदूलाही चालतं, वाढलेल्या मांसालाही चालतं आणि डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला चिकटलेली, चित्र टिपणारी रेटिना सुटली तरी माणूस हेच म्हणतो. मोतीबिंदूचा पडदा सगळीकडून धूसर असतो आणि वर्षभर वाट बघू शकतो. रेटिनाचा पडदा एका बाजूनं काळा येतो आणि सकाळ-संध्याकाळमध्ये पुढं सरकतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "पडदा कुठल्या बाजूनं आला, आणि काल होता तेवढाच आहे काय?"

एका शनिवारी सकाळी छप्पन वर्षांचे एक काका सुनेबरोबर आले. लहानपणापासून मायनस नंबरचा जाड चष्मा, आणि उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं. या दोन्ही गोष्टींनी रेटिना सुटण्याचा धोका वाढतो. मंगळवारी रात्री लाईट बंद केल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. बुधवारी डोळ्यासमोर डास, जळमटं आणि काजळीचे ठिपके. शुक्रवारी संध्याकाळी जेवताना उजव्या डोळ्याला नाकाच्या बाजूनं खालचा कोपरा दिसेना. काकांना वाटलं, लेन्स खराब झाली असेल.

झालं होतं असं: डोळ्याच्या आतली जेली वयानं आकसते आणि रेटिनापासून सुटते. सुटताना ती रेटिनाला ओढते, ती ओढ मेंदूला चमक म्हणून कळते. ओढीनं रेटिना फाटली की थोडं रक्त, थोडा रंग जेलीत उतरतो, ते ठिपके. मग फाटलेल्या जागेतून पाणी रेटिनाच्या मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तशी रेटिना सुटत जाते. बुधवारी, नुसती फाट असताना, काका आले असते तर बहुधा लेसरवर भागलं असतं: थेंब घालून पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि घरी जायचं. लेसरचा चिकटा पक्का व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, पण ऑपरेशन टळतं.

मिटलेल्या पापणीवर जेल लावून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, केला. स्क्रीनवर वरच्या, कानाकडच्या बाजूला एक पांढरी ठळक रेघ उचललेली होती. मशीनची संवेदनशीलता, म्हणजे गेन, कमी केला तरी ती पुसट होईना. नुसती जेली सुटली असती तर रेघ पातळ असती, डोळा हलवल्यावर मोकळी डोलली असती आणि गेन कमी करताच विरली असती. रेटिना वरून सुटली की अंधार खालून येतो, कारण डोळ्यात चित्र उलटं पडतं. काकांच्या सांगण्याशी हे तंतोतंत जुळत होतं.

या स्कॅनची एक मर्यादा सांगायलाच हवी. लहान फाट त्यात सुटून जाते. रिपोर्टवर "रेटिना ठीक" आलं आणि चमक व ठिपके नवे असतील, तर बाहुली मोठी करून डॉक्टरांनी कडेपर्यंत तपासल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. पहिल्या तपासणीत काही नाही सापडलं तरी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. मधेच ठिपके वाढले किंवा पडदा आला, तर त्याच दिवशी.

सुनेनं विचारलं, "सोमवारी पुण्याला नेलं तर चालतंय काय? तिथं आमचे भावोजी आहेत, मोठा दवाखाना आहे."

याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: रेटिनाचा मधला भाग, मॅक्युला, अजून चिकटलेला आहे की सुटला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. बी-स्कॅनवर हे खात्रीनं कळतंच असं नाही, ओसीटी, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, केल्यावर कळतं. पण घरी अंदाज घेता येतो. चांगला डोळा तळव्यानं झाकायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची. काकांनी वाचली. तक्त्यावर नजर ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण, आली, फक्त खालचा कोपरा काळा. म्हणजे मॅक्युला शाबूत होता.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवा. पुणे सोमवारी, म्हणजे प्रवास, तपासणी, नंबर धरून ऑपरेशन मंगळवार-बुधवारी. कोल्हापूर आज, चाळीस किलोमीटर, रेटिनाचा सर्जन जागेवर असेल तर उद्या सकाळी ऑपरेशन. वरून सुटलेल्या रेटिनामागचं पाणी वजनानं खाली, मॅक्युलाकडे उतरतं. तो दोन दिवसांत सुटू शकतो, कधी एका रात्रीत. एकदा सुटला की रेटिना पुन्हा नीट बसवली तरी आधीची नजर पूर्ण परत येईलच असं नाही. अशा वेळी मोठ्या दवाखान्यापेक्षा जवळचा, आज-उद्यात ऑपरेशन करू शकणारा सर्जन माझ्या मते नक्की चांगला. निघण्याआधी फोनवर तीनच गोष्टी विचारा: रेटिनाचा सर्जन आज आहे का, ओटी कधी मिळेल, आणि काही खाऊन यायचं की उपाशी. आरोग्य योजनेच्या कार्डाचं आणि पैशाचं त्याच फोनवर विचारा, पण त्यासाठी दिवस घालवू नका.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितल्याप्रमाणे काकांना गाडीत मागच्या सीटवर उजव्या कुशीवर झोपवून नेलं, म्हणजे सुटलेली बाजू खाली राहते आणि पाणी मॅक्युलाकडे कमी सरकतं. रविवारी ऑपरेशन झालं. दोन-अडीच महिन्यांनी, ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरलेला गॅस विरल्यावर, नजर ६/९च होती.

त्याच महिन्यात खानापूरकडच्या एक मावशी आल्या. दुसरा डोळा चांगला असल्यानं पाच दिवस त्यांना कळलंच नव्हतं. झाकून बघितल्यावर एक मीटरवरची बोटंच दिसत होती, मॅक्युला सुटलेला. त्यांच्या मुलाला मी रात्री धावपळ करायला सांगितलं नाही. अशा डोळ्याला एक-दोन दिवस चांगला सर्जन शोधायला देता येतात, पण आठवडा नाही. जास्त दिवस गेले की रेटिनावर व्रणासारखी जाळी धरते, ती आकसते आणि ऑपरेशन अवघड होतं. मावशींची रेटिना बसली, नजर ६/२४वर थांबली.

दोघांचंही ऑपरेशन जेली काढून करायचं होतं, आणि त्यात आपल्या भागातल्या माणसानं आधी ठरवायची एक गोष्ट असते: रेटिना दाबून धरायला डोळ्यात गॅस की सिलिकॉन तेल. गॅस आपोआप विरतो, एक प्रकार साधारण दोन आठवड्यांत, दुसरा दोन महिन्यांपर्यंत. तेल काढायला तीन ते सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन लागतं आणि तोवर चष्म्याचा नंबर बदललेला असतो. एवढ्यावर कुणीही गॅस म्हणेल. पण गॅस असताना विमान बंद, आणि घाट चढणंही धोक्याचं: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्याचा दाब चढतो, दुखायला लागतं आणि दिसणं मंदावतं. गोव्यात ऑपरेशन करून चोर्ल्यानं बेळगावला यायचं म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर चढायचं. सर्जनला हा रस्ता आधीच सांगा, कदाचित ते तेल निवडतील किंवा खालीच राहायला सांगतील. सांगितल्या स्थितीत मान ठेवून दिवसेंदिवस पडून राहणं ज्यांना जमणार नाही, त्यांनाही तेल सोयीचं पडतं.

काकांना गॅस होता. कोल्हापूर-निपाणी उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळं घरी यायला अडचण आली नाही. बाराव्या दिवशी सावंतवाडीला भाचीचं लग्न होतं. उतरताना काही झालं नसतं, पण परत आंबोली घाट चढायचा होता. मनगटावरच्या "डोळ्यात गॅस आहे" अशा इशाऱ्याच्या पट्ट्याकडे बघत काका घरीच बसले आणि डाव्या डोळ्यानं फोनवर अक्षता बघितल्या.