इंकस्केप आणि ओपनस्कॅडवर दारावरच्या पाट्या: 8 महिन्यांनंतर

मुलुंडला आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी रंगकाम झालं. त्यात सगळ्यांच्या दारांवरच्या जुन्या पाट्या उतरल्या आणि माझा हा जोडधंदा सुरू झाला. घरी छोटा थ्रीडी प्रिंटर होता आणि लाकडासाठी गोरेगावला एक ओळखीचं सीएनसी वर्कशॉप. सॉफ्टवेअर दोन्ही फुकटातली: अक्षरं आणि नक्षी इंकस्केपमध्ये, उठाव ओपनस्कॅडमध्ये. आठ महिन्यांत तीसेक पाट्या झाल्या. एवढ्यावरून एक गोष्ट ठाम सांगते. उठाव देणं दोन ओळींचं काम आहे. पाटी बिघडते ती त्याआधी, अक्षर अजून कागदासारखं सपाट असताना.

पहिली पाटी शेजारच्या कुलकर्णी काकांची, 180 बाय 70 मिलिमीटर. मुक्ता फॉन्ट घेतला, मुंबईच्याच एक टाइपचा. तो मोफत आहे आणि धंद्यासाठीही वापरता येतो. अक्षरांचं Path > Object to Path केलं, मग सगळे तुकडे एकत्र हवेत म्हणून Path > Combine. स्क्रीनवर 'कुलकर्णी' अगदी भरीव दिसत होतं. प्रिंट हातात घेतल्यावर काका म्हणाले, "अगं, शिरोरेघ अशी कुरतडल्यासारखी का दिसतेय?"

खरंच, दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेघेत बारीक चौकोनी फटी होत्या. रफार वेलांटीला जिथे टेकतो तिथेही भोक. कारण साधं आहे. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेघ अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. Combine केल्यावर हे सगळे आकार एकाच पाथमध्ये बसतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. इंकस्केप त्या दुहेरी भागाला भरीव मानून रंगवतं. ओपनस्कॅड मात्र एकाच पाथमध्ये दोनदा झाकलेला भाग पोकळ धरतं. इंग्रजी सुटी अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून इंग्रजी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हे कुणी सांगतच नाही.

उपाय म्हणजे Combine ऐवजी Path > Union. आधी अनग्रुप करायचं, सगळे तुकडे निवडायचे, मग Union. खात्री करायला View > Display Mode > Outline मध्ये बघायचं. तिथे रंग जातो आणि नुसती कड उरते. सांध्यापाशी रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या तर काम राहिलंय. पूर्ण शब्दाभोवती एकच सलग कड दिसली की झालं. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या मोहात पडू नका. तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि मग Union करूनही सांधत नाही.

इंकस्केपमध्ये पानाचं मापच पाटीएवढं ठेवते, मिलिमीटरमध्ये. म्हणजे पाटी आणि अक्षरं आपोआप जुळतात. एकदा गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फाइलमध्ये मापं पिक्सेलमध्ये होती आणि 180 ची पाटी 240 ची झाली. इंकस्केप इंचाला 96 पिक्सेल धरतं, ओपनस्कॅड आपणहून 72. पाटी बरोबर एक तृतीयांशाने मोठी आली की हेच समजावं.

मग उठाव:

```
module akshar() import("kulkarni.svg");
cube([180, 70, 3]);
translate([0, 0, 2.8])
  linear_extrude(height = 1.8) akshar();
```

अक्षरं 3 वर न ठेवता 2.8 वर ठेवली आहेत, म्हणजे ती पाटीत जराशी रुततात आणि दोन्ही मिळून एकच घन होतो. वर उरतो 1.6 मिलिमीटर उठाव. 0.2 च्या थराने पाटीचे 15 थर होतात, म्हणून स्लायसरमध्ये सोळाव्या थराला रंग बदलायची खूण करते. पांढऱ्या पाटीवर किरमिजी अक्षरं, साध्या एका नोझलच्या प्रिंटरवर.

लाकडाचं गणित वेगळं. कुलकर्णी काकूंना सागवानावर हवी होती. उठावदार अक्षर मिलिंगमध्ये करायचं म्हणजे अक्षर सोडून बाकीचं लाकूड काढायचं, आणि कटर गोल असतो. 3 मिलिमीटरचा कटर त्याहून अरुंद जागेत शिरतच नाही. 'क' चं पोट, 'ल' चा आतला वळसा, रफार आणि वेलांटीमधली फट, सगळं बुजून ठोकळा होतो. वर्कशॉपवाल्याने हे काम झाल्यावर सांगितलं. लाकूड माझं गेलं.

या एका गोष्टीसाठी मी ओपनस्कॅड सोडणार नाही, कारण कटर काय मागे ठेवेल ते तिथे, वेगळ्या फाइलमध्ये, आधीच बघता येतं:

```
module akshar() import("kulkarni.svg");
R = 1.5; $fn = 64;
difference() {
  offset(r = -R) offset(r = R) akshar();
  akshar();
}
```

अक्षर कटरच्या त्रिज्येएवढं फुगवायचं, मग तेवढंच आकसायचं. फुगताना बुजलेल्या फटी आकसताना परत उघडत नाहीत, आणि त्यातून मूळ अक्षर वजा केलं की उरतं ते न निघणारं लाकूड. कडेला केसासारखे कपचे दिसतात, ते सोडून द्या. आतले कोपरे किंचित गोल होणार, तेही चालतं. पण 'क' च्या पोटाएवढा आख्खा ठिपका दिसला तर थांबायचं. कुलकर्णींच्या पाटीत एक्स्ट्राबोल्डला असे तीन ठिपके आले. मीडियम वजन घेऊन अक्षर थोडं मोठं केल्यावर एकच उरला, तेवढ्यापुरता 1 मिलिमीटरचा कटर लावला. सगळी पाटी त्या कटरने केली असती तर वेळ कितीतरी पट लागला असता.

वर्कशॉपला एसटीएल देऊ नका, ही आणखी एक शिकवण. सरळ भिंतीच्या उठावाला त्यांना सपाट कड आणि खोली एवढंच लागतं. तेही ओपनस्कॅडमधून काढलेलं नको, कारण तिथे वळणांचे बारीक सरळ तुकडे होतात. इंकस्केपचीच एसव्हीजी द्यावी.

तक्रारी? ओपनस्कॅड नक्षीला कंटाळवाणं आहे. स्कॅन करून ट्रेस केलेला गणपती टाकला तर हजारो बिंदूंमुळे गुदमरतं. आधी इंकस्केपमध्ये Path > Simplify करावं लागतं. गोलसर, फुगीर उठावाची मूर्ती हवी असेल तर हे अवजारच नव्हे. इथे भिंती सरळ आणि माथा सपाट. त्या सरळ भिंतींच्या कोपऱ्यात, खास करून शिरोरेघेखाली, धूळ बसते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, दात घासायचा जुना ब्रश लागतो.

पहिल्या चार पाट्या पीएलए प्लास्टिकच्या होत्या. पश्चिमेच्या उन्हात, ग्रिलला फक्त वरच्या दोन स्क्रूंवर लावलेली एक मे महिन्यात पोटातून वाकली. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं. आता बाहेर लागणारी प्रत्येक पाटी पीईटीजीची.

आणि शिंद्यांचा अनुस्वार. पाटी लावून तीन महिने झाले असतील, कामवाल्या मावशींनी फडकं मारलं आणि अनुस्वार निघून आला. दारावर 'शिदे'. रंग बदलताना प्रिंट थांबतो, खालचा थर गार होतो आणि नेमका तोच सांधा कच्चा राहतो. मोठ्या अक्षराला फरक पडत नाही, पण जेमतेम 2 मिलिमीटरचा ठिपका 1.6 उंचीवर फडक्यात अडकला की संपलं. आता Union आधी अनुस्वार वेगळा निवडून 4 मिलिमीटरचा करते आणि जमेल तिथे शिरोरेघेला टेकवते. फॉन्टच्या शुद्धतेवाल्यांना ते खटकेल. शिंदे काकू मात्र नवी पाटी लावताना आधी अनुस्वारच नखाने ओढून बघत होत्या.