स्ट्राइक-डिप: नकाशावरची खूण की स्टिरिओनेटवरचा पोल?

थर जवळजवळ आडवा असेल तर स्ट्राइक, म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेची दिशा, मोजताना हात जरासा हलला तरी आकडा बराच बदलतो. समजा डिप, म्हणजे थराचा आडव्या पातळीपासूनचा उतार, 5° आहे. थरावर वही ठेवून कंपासची कड टेकवली, पण बुडबुडा मध्यावर नीट आला नाही आणि कड 1° कललेली राहिली, तर स्ट्राइक सुमारे 11° चुकते. डिप 40° असता तर हीच चूक सव्वा अंशाच्या आसपास राहिली असती.

आता एकाच थरावरची दोन वाचनं घ्या: स्ट्राइक 040 आणि 051, दोन्हींचा डिप 5° आग्नेयेकडे. नकाशावर खुणा काढल्या की रेघा वेगवेगळ्या दिशेला वळलेल्या दिसतात आणि इथे घडी आहे की काय अशी शंका येते. स्टिरिओनेट या दिशा मांडायच्या वर्तुळाकार जाळीवर पोल, म्हणजे थराला लंब असलेल्या रेषांचे बिंदू, मांडले तर दोन्ही केंद्राजवळ, एकमेकांपासून जेमतेम 1° अंतरावर पडतात, म्हणजे जेवढी खरी चूक तेवढीच दिसते. त्यामुळे मंद उताराच्या थरांसाठी माझी पसंती पोललाच.

मात्र वाचन कुठल्या उघड्या खडकावर घेतलं, हे पोल सांगत नाही. थर दरीपलीकडे कुठे निघेल हे शोधायचं तर नकाशाच हवा. तिथे खूण काढण्याआधी त्याच थरावर चार-पाच ठिकाणी मोजा आणि पोलच्या पुंजक्याच्या मध्यावरून काढलेली स्ट्राइक वापरा.