छेद शून्याजवळ असताना: गुणोत्तरांची सरासरी घ्यावी की मध्यक?

X आणि Y ही दोन स्वतंत्र प्रमाण प्रसामान्य चले असतील, तर Z = X/Y या गुणोत्तराची घनता 1/(π(1+z²)) इतकी येते. हे कोशी वितरण होय. त्याचा आलेख शून्याभोवती सममित आणि घंटेसारखा दिसत असल्यामुळे सरासरी शून्यच असणार, असे वाटते. परंतु ती अस्तित्वातच नाही. Y चे मूल्य शून्याच्या अगदी जवळ येण्याची संभाव्यता कमी असली तरी नगण्य नसते, आणि तसे घडले की गुणोत्तर प्रचंड होते. |Z| चे मूल्य 10 पेक्षा मोठे असण्याची संभाव्यता सुमारे 6.3 टक्के आहे आणि 100 पेक्षा मोठे असण्याची सुमारे 0.64 टक्के. मर्यादा दहापट वाढवली तरी शेपूट जेमतेम दहापटच घटते, म्हणून |z| ला घनतेने गुणून केलेली बेरीज कोठेच थांबत नाही.

तरीही गुणोत्तरांची सरासरी काढलीच, तर काय होते? 100 निरीक्षणांची सरासरी पुन्हा त्याच कोशी वितरणाची असते. ती −1 ते 1 या टप्प्याबाहेर पडण्याची संभाव्यता एका निरीक्षणासाठी जितकी, तितकीच, म्हणजे निम्मी राहते. समजा, एका जोडीत X = 1.3 आणि Y = 0.02 आले, त्या एका 65 मुळे शंभरांची सरासरी 0.65 ने सरकते. निरीक्षणे वाढत असताना चालू सरासरीचा आलेख स्थिरावण्याऐवजी मधूनच उडी घेऊ लागला, तर हेच घडत आहे असे समजावे.

आधी सर्व X ची व सर्व Y ची बेरीज करून मग भागाकार करावा, हा उपाय अनेकांना सुचतो. येथे तोही निरुपयोगी आहे, कारण दोन्ही बेरजा शून्य मध्याच्या प्रसामान्य चलांच्याच असतात आणि त्यांचे गुणोत्तर पुन्हा तेच कोशी वितरण देते.

मध्यकाचे तसे नाही. वरच्या 65 च्या जागी 6,500 आले तरी तो जागचा हलत नाही. मोठ्या नमुन्यात त्याचे प्रमाण विचलन सुमारे π/(2√n) असते, म्हणजे 100 निरीक्षणांसाठी 0.157. महत्तम संभाव्यतेच्या पद्धतीने ते 0.141 पर्यंत उतरते. मात्र एवढ्या फायद्यासाठी वितरण नेमके कोशीच आहे याची खात्री असावी लागते, आणि माझ्या मते व्यवहारात ती क्वचितच असते. मोठी मूल्ये हाताने वगळण्याचा मार्ग मी सुचवणार नाही, कारण ती चुका नसून याच वितरणाचा भाग आहेत.

छेदाचा मध्य 10 आणि प्रमाण विचलन 1 असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. सैद्धांतिक मध्य तेव्हाही नसतोच, पण छेद शून्याजवळ पोहोचण्याची शक्यता इतकी अल्प असते की सरासरी निर्धास्तपणे वापरता येते.