एक साडी, दोन ऑर्डरी आणि मी हातानं परत केलेले पैसे

बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे. माल वडगाव-खासबागच्या मागांवरचा. गिऱ्हाईक खानापूर, चंदगड, निपाणी, कोल्हापूर असं सगळीकडचं. फोनवर फोटो पाठवून साड्या विकता विकता जीव दमला, म्हणून ओळखीच्या एका पोराकडून 18 हजारांत वेबसाईट करून घेतली. ऑनलाइन पैसे घ्यायला पेमेंट गेटवे जोडला, पहिली ऑर्डर आली तेव्हा देवापुढे साखर ठेवली. गेल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्याच साईटवरून एका माणसानं मला 7,050 रुपयांना बुडवलं. रक्कम फार मोठी नाही, पण बुडवलं ते माझ्याच हातानं, हे मला जास्त लागलं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्याची पहिली ऑर्डर आली, 2,850 ची साडी. यादीत एकाच नावावर दोन ऑर्डरी, सहा मिनिटांच्या अंतरानं, दोन्हींपुढे हिरव्या अक्षरात ‘पेड’. मी विचारायच्या आधी त्याचाच फोन आला. आवाज एकदम सभ्य. म्हणाला, “ताई, नेटवर्क गेलं म्हणून मी बॅक दाबलं, परत रिफ्रेश केलं, तर दोनदा पैसे गेले बघा. साडी एकच पाहिजे.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर दोन ऑर्डर कन्फर्म झाल्याचे स्क्रीनशॉट. आमच्याकडे खानापूरच्या पुढं रान लागलं की फोनची रेंज जाते, हे मला काय कोणी सांगायला नको. सणाची गर्दी होती. गेटवेतून रिफंड केला तर पोचायला पाच-सात दिवस लागतात, तेवढ्यात गिऱ्हाईक नाराज होईल, म्हणून त्यानं दिलेल्या नंबरवर मी फोनवरूनच 2,850 पाठवून दिले. नंबर भावाचा आहे म्हणाला. मी तेही मान्य केलं.

दसऱ्याच्या आधी परत तोच. या वेळी 4,200 ची साडी, परत दोन ऑर्डरी, परत तेच स्क्रीनशॉट, परत तोच भाऊ. मी परत पैसे पाठवले. साईट करणाऱ्या पोराला मात्र झापलं. तो म्हणाला, “वैनी, आमच्या साईटमध्ये काय नाही, लोकंच बॅक दाबतात. त्याला मी काय करू?” आणि इलाज म्हणून पेमेंटच्या पानावर लाल अक्षरात टाकलं: कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका. आता वाटतं, ती सूचना नव्हती, ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कुठलं बटण दाबायचं ते आम्हीच दाखवून दिलं होतं.

सगळं उघडकीला आलं ते नंदगडच्या एका बाईंमुळे. शाळेत शिकवतात. दसरा झाल्यावर एका शनिवारी त्या बसनं दुकानात आल्या आणि पिशवीतून न उघडलेलं पार्सल काढून काउंटरवर ठेवलं. “एकच मागवली होती वो मी, दोन आल्यात.” मी लगेच म्हटलं, “बाई, दोनदा पैसे गेले असतील तुमचे, देते परत.” त्यांनी चष्मा लावून बँकेचे मेसेज दाखवले. “नाही हो, माझे पैसे एकदाच गेलेत. म्हणून तर साडी परत द्यायला आले.”

त्या गेल्यावर मी आणि धाकटे दीर गेटवेचं डॅशबोर्ड उघडून बसलो. तोवर आम्ही ऑर्डरींची यादी फक्त आमच्या साईटवर बघत होतो आणि गेटवेकडून बँकेत येणाऱ्या रकमा महिन्याअखेरीला सीए बघत होते. दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. साईटवर बाईंच्या दोन ऑर्डरी होत्या, नंबर वेगळे. पण प्रत्येक ऑर्डर उघडली की खाली बारीक अक्षरात पेमेंट आयडी असतो, आणि दोन्हींचा आयडी एकच होता, शेवटच्या अक्षरापर्यंत. गेटवेत त्या आयडीचं पेमेंट एकच. म्हणजे बाईंकडून पैसे एकदा घेतले होते आणि आमच्या साईटनं त्या एका पैशावर दोन ऑर्डरी फाडल्या होत्या.

मग मी त्या सभ्य माणसाच्या ऑर्डरी काढल्या. 2,850 च्या दोन ऑर्डरी, पेमेंट आयडी एक. 4,200 च्या दोन ऑर्डरी, पेमेंट आयडी एक. दोन्ही वेळा त्याचे पैसे एकदाच गेले होते, दोन्ही वेळा साडी गेली, आणि वर मी पैसेही दिले. साड्या फुकट. पहिल्या वेळी दोन ऑर्डरींत सहा मिनिटांचं अंतर होतं, दुसऱ्या वेळी अडतीस. पहिली वेळ खरंच चुकून झाली असेल, एवढं मी आजही मानते. पण रेंज गेलेला माणूस अडतीस मिनिटांनी तेच पान परत उघडत नाही.

हे होतं कसं, ते टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या इंजिनिअरनं आम्हाला चहा पिता पिता समजावून दिलं. पैसे भरून झाले की गेटवे गिऱ्हाइकाला आमच्या ‘धन्यवाद’च्या पानावर परत पाठवतो. त्या पानाच्या लिंकमध्येच पेमेंट आयडी असतो. पोरानं ऑर्डर नोंदवण्याचं काम त्याच पानात ठेवलं होतं. पान उघडलं की पेमेंट खरं आहे का एवढं तपासायचं आणि नवी ऑर्डर लिहायची. या पेमेंटची ऑर्डर आधीच लिहिली आहे का, हे तपासायचंच नाही. त्यामुळे पान जितक्या वेळा उघडेल तितक्या ऑर्डरी, तितके कन्फर्मेशनचे मेसेज. बरं, त्यासाठी रिफ्रेश दाबायलाच पाहिजे असंही नाही. कमी मेमरीच्या फोनवर माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन ब्राउझरमध्ये परत आला की पान कधी कधी आपोआप नव्यानं लोड होतं. नंदगडच्या बाईंनी काहीच दाबलं नव्हतं.

इंजिनिअरनं आमच्या सगळ्या जुन्या ऑर्डरी तपासल्या. गणपतीपासून अशा 11 जोड्या निघाल्या. त्यातल्या 8 मध्ये पेमेंट एकच होतं. उरलेल्या 3 मध्ये मात्र पेमेंट आयडी दोन होते, म्हणजे गिऱ्हाइकानं खरंच दोनदा पैसे भरले होते: पैसे कापले गेले, पण पान अडकलं, त्यानं बॅक दाबून परत भरले. हे प्रकरण वेगळं. तिथं गिऱ्हाइकाचा पैसा खरा अडकलेला असतो आणि तो परत द्यायलाच पाहिजे. त्या तिघांचं दुसरं पेमेंट आम्ही गेटवेतूनच रिफंड केलं. ते ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात जातं, कुणाच्या भावाच्या नंबरवर नाही.

आणखी एक तिसरा प्रकार असतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले, पण आमच्याकडे पोचलेच नाहीत, गेटवेत त्याचं यशस्वी पेमेंट दिसतच नाही. तेव्हाही लोक दुकानदारालाच धरतात. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे असे यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत जायला पाहिजेत, आणि उशीर झाला तर पुढं दिवसाला 100 रुपये ग्राहकाला मिळतात. आपण आपल्या गल्ल्यातून दिले तर गिऱ्हाइकाला दोन्हीकडून मिळतात आणि आपण एकदा बुडतो.

म्हणून आता कुणी “दोनदा पैसे गेले” म्हटलं की मी आमच्या ऑर्डरीचा स्क्रीनशॉट बघतच नाही. तो आमच्याच साईटनं बनवलेला कागद, त्यावरून बँकेतलं काय कळणार? मी म्हणते, बँकेच्या स्टेटमेंटवरचे दोन्ही व्यवहार दाखवा, यूटीआर नंबरासकट. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराचा हा नंबर 12 आकडी असतो आणि वेगळा असतो. दोन कपाती असतील तर दोन नंबर असणारच. ते आले की मी गेटवेत दोन्ही शोधते. खरं गिऱ्हाईक दोन मिनिटांत पाठवतं. सरळपणानं एवढंही सांगते की गेटवेतून रिफंड केल्यानं मी आपोआप वाचले नसते. एकुलत्या एका पेमेंटवर रिफंडचं बटण दाबलं असतं तर गेटवेनं ते निमूटपणे दिलं असतं. पण ते पेमेंट शोधायला तरी मला तिथं जावं लागलं असतं, आणि दुसरं तिथं नाहीच हे डोळ्यांना दिसलं असतं.

साईटची दुरुस्ती इंजिनिअरनं एका संध्याकाळी केली. मुख्य ओळ त्यानं मला मुद्दाम दाखवली:

```
ALTER TABLE orders ADD UNIQUE (payment_id);
```

एका पेमेंट आयडीवर दुसरी ऑर्डर लिहायला गेलं तर डेटाबेसच नाही म्हणतो. ही ओळ पहिल्यांदा चाललीच नाही, कारण जुन्या 8 जोड्या तिथं आधीच बसल्या होत्या. त्या बाजूला काढल्यावर चालली. ऑर्डर नोंदवण्याचं काम त्यानं ‘धन्यवाद’च्या पानातून काढून गेटवेकडून थेट आमच्या सर्व्हरला येणाऱ्या निरोपावर टाकलं, म्हणजे वेबहुकवर. तो निरोपही कधी कधी दोनदा येतो म्हणाला, पण आता ती ओळ तिथं बसलेली आहे. आणि बॅक दाबून खरंच दोनदा भरणाऱ्यांसाठी, परत पेमेंट उघडायच्या आधी याच पिशवीतल्या मालाचे पैसे आधी आलेत का, हे साईट गेटवेला विचारते. त्याला तीन-चार सेकंद जास्त लागतात. दोनदा भरणं पूर्ण थांबत नाही, पण त्यानंतर तसं एकच झालं. लाल अक्षरातली सूचना मी स्वतः काढायला लावली.

ही दुरुस्ती व्हायच्या दोनच दिवस आधी, दिवाळीच्या तोंडावर, त्या सभ्य माणसाची तिसरी ऑर्डर आली होती. 3,600 ची साडी, या वेळी तीन ऑर्डरी. हाव वाढलेली. फोन आला, “ताई, तीनदा गेले हो, 7,200 परत पाठवा.” मी म्हटलं, “पाठवते की, तीन यूटीआर द्या.” म्हणाला, बँकेत जाऊन काढावे लागतील. पेमेंट एक आलं होतं, म्हणून साडी एक पाठवली, आणि मागच्या 7,050 चा हिशेब लेखी पाठवला. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 वर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिना होऊन गेला होता आणि पाठवणारी मीच होते. ते परत येतील असं मी धरून चाललेलं नाही.

परवा दीर सर्व्हरचा लॉग बघत होते. दुरुस्तीनंतर त्या तिसऱ्या पेमेंटची लिंक एका रात्रीत चार वेळा उघडली गेली होती. चारही वेळा पानावर एकच ऑर्डर नंबर दिसला असणार.