पोटॅशियमची वाट आणि पाण्याची वाट
नागपुरात बारावीला शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो: सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, मग ते पेशीच्या पडद्यातल्या, पोटॅशियमसाठीच्या चॅनेलमधून का जात नाही? कारण चॅनेलमधल्या अरुंद गाळणीत शिरताना आयनाला भोवतीचं पाणी सोडावं लागतं. तिथले आठ ऑक्सिजन 1.33 अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या पोटॅशियमला नेमके वेढून ती भरपाई करतात. 0.95 च्या सोडियमला ते तसं कवेत घेऊ शकत नाहीत, म्हणून त्याला पाण्यातच राहणं परवडतं.

पाणी नेणाऱ्या चॅनेलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्वापोरिनमध्ये, अशी भरपाई नाहीच. सर्वांत अरुंद जागा सुमारे 2.8 अँगस्ट्रॉम रुंद, पाण्याच्या एका रेणूपुरती. शिवाय तिथल्या आर्जिनिनचा धनप्रभार धन आयनांना परतवतो. मला थक्क करतो तो प्रोटॉन: एरवी तो पाण्याच्या रेणूंच्या रांगेतून एकावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो, पण इथे रेणू एका रांगेत असूनही वाटेतला विद्युत अडसर त्याला रोखतो.