मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक: दोन्ही भाषा एकाच पानावर मांडायच्या तर कशा?

एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी फॉन्ट शोधायला लागतात. खरं तर आधी ठरवायला हवं की पुस्तक मोठ्यानं वाचणार कोण आणि मुलाची कच्ची भाषा कोणती. सोलापूरच्या सेमी-इंग्रजी शाळेतलं मूल मराठीच्या आधारानं इंग्रजीकडे जातं. न्यू जर्सीत वाढणारं मूल इंग्रजी सहज वाचतं आणि मराठी आजीकडून ऐकतं. मजकूर तोच असला तरी या दोघांसाठी पानाची मांडणी वेगळी होईल.

पुढचा सगळा हिशेब २१ सेंटिमीटर चौरस, २४ पानी पुस्तकाचा आहे. मध्ये पिना मारून बांधायचं असल्यानं पानं चारच्या पटीत हवीत, आणि २४ पानांत लहान गोष्ट नीट मावते.

मांडणी: तीन पर्याय

पहिला पर्याय म्हणजे दोन्ही भाषा एकाच पट्ट्यात: वर मराठीचा परिच्छेद, लगेच खाली इंग्रजीचा. बांधायला सगळ्यात सोपा, आणि शिकवणाऱ्याला सोयीचा, कारण बोट एका भाषेवरून दुसरीवर पटकन नेता येतं. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. मराठी १८ पॉइंटात, दोन ओळींतलं अंतर २८ पॉइंट, अशा चार ओळी धरा: ११२ पॉइंट झाले. इंग्रजी १६ पॉइंटात, २२ पॉइंट अंतरावर चार ओळी: ८८. मधली मोकळी जागा २२. बेरीज २२२ पॉइंट, म्हणजे जवळपास ७८ मिलिमीटर. पानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग अक्षरांनी खाल्ला आणि चित्रकाराच्या हातात आडवी पट्टी उरली. प्रत्येक भाषा दोन ओळींत बसवली तर हाच पट्टा ४३ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे हा पर्याय घेणार असाल तर भाषेगणिक दोन ओळींची मर्यादा लेखकाला पहिल्याच दिवशी सांगा. चित्रं झाल्यावर मजकूर कापायला घेतला की गोष्टीचे हाल होतात.

दुसरा पर्याय, एक ओळ मराठी आणि तिच्याखाली तीच ओळ इंग्रजीत, कागदावर फार आकर्षक दिसतो. मी तो टाळायला सांगेन. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत मध्येच. ‘चिंगीनं चिखलाच्या डबक्यात’ इथे मराठी ओळ मोडली तर खालच्या इंग्रजी ओळीत उडी मारून झालेली असते आणि डबकं अजून यायचं असतं. ओळीखाली ओळ जुळते, अर्थाखाली अर्थ जुळत नाही. शिवाय वाचणाऱ्याला दर ओळीला लिपी बदलावी लागते, त्यात गोष्टीची लय जाते. एका शब्दाचं एक चित्र असलेल्या पुस्तकाला, म्हणजे फळं, प्राणी, रंग अशांना, ही मांडणी चालते. गोष्टीला नाही.

तिसरा पर्याय: मराठी पानाच्या डोक्यावर, इंग्रजी तळाशी, मध्ये चित्र. यात चित्रकाराला दोन जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात, वर आकाश किंवा भिंत, खाली जमीन, आणि हे कच्च्या रेखाटनातच ठरवावं लागतं. बदल्यात मिळतं ते मोलाचं असतं. दोन भाषा शेजारी आल्या की मूल सोप्या भाषेकडे जातं आणि दुसरीला नुसता शेजार देतं. मध्ये चित्र आलं की वरचा मजकूर वाचून नजर चित्रात उतरते, तिथे रेंगाळते, मग खाली जाते. परदेशातल्या मुलासाठी मी डोळे झाकून हाच घेईन आणि मराठी वरच ठेवेन. शाळेच्या वर्गासाठी मात्र पहिला पर्याय बरा. तिथे मुलाला दोन भाषांतला दुवा लगोलग दिसायला हवा असतो.

काहीही निवडलंत तरी भाषांच्या जागा पुस्तकभर बदलू नका. पाचव्या पानावर मराठी वर आणि सहाव्यावर खाली असं झालं की मूल गोष्ट सोडून भाषा शोधत बसतं.

फॉन्ट: एकाच घराण्यातले की दोन वेगळे?

Mukta आणि Baloo 2 हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट. दोन्हींत देवनागरी आणि रोमन एकत्र आखलेली आहेत, दोन्ही मोफत आहेत आणि छापील पुस्तकात वापरता येतात. अशा फॉन्टचा फायदा असा की रेघांची जाडी आणि अक्षरांचा आकार आधीच जुळवलेला असतो. Mukta शांत आहे, मजकुराला चालतो. Baloo 2 गुबगुबीत आहे. मुखपृष्ठावर आणि ‘धबाक!’सारख्या आवाजांना तो शोभतो, पण पानभर वाचायला जड होतो. ज्यांना पुस्तकी वळणाची अक्षरं हवीत त्यांच्यासाठी Tiro Devanagari Marathi आहे, पण त्यात ठळक वजन नाही. एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर अडचण होते.

दोन वेगळे फॉन्ट घेण्याचं एकच भक्कम कारण मला पटतं: मूल रोमन अक्षरं नुकतीच शिकत असणं. Andika हा नव्या वाचकांसाठीच बनवलेला फॉन्ट आहे. त्यातला इंग्रजी ए हातानं गिरवतात तसा, एका गोलाचा आहे, आणि मोठा आय व लहान एल यांत गोंधळ होत नाही. पण त्यात देवनागरी नाही, म्हणून मराठीसाठी Mukta घेऊन आकार स्वतः जुळवावा लागतो. त्यासाठी ‘क’, इंग्रजी लहान एक्स आणि मोठा एच ही तीन अक्षरं एकाच आडव्या रेघेवर खूप मोठी करून ठेवा. ‘क’ची शिरोरेघ एक्सच्या माथ्याच्या वर आणि एचच्या माथ्याच्या खाली कुठेतरी पडायला हवी. ती एचच्या वर गेली तर मराठी ओरडतेय असं वाटतं; एक्सइतकीच राहिली तर मराठी तळटीप वाटते. पॉइंटांचे आकडे सारखे ठेवून हे साधत नाही, म्हणूनच वरच्या हिशेबात १८ आणि १६ आहेत. ओळींतलं अंतरही मराठीला जास्त लागतं, कारण शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा हवी असते.

फॉन्ट पक्का करण्याआधी ‘लाल शाल, दुसऱ्या कुऱ्हाडीची गोष्ट’ एवढं टाइप करून छापून बघा. शाळेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श शिकलेल्या मुलासमोर हिंदी वळणाचे ल-श आले तर ते अडखळतं. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की योग्य रूप येतं. काहींत मराठी रूप नसतंच. ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांत र चंद्रकोरीसारखा जोडला जातोय ना, तेही पाहा. InDesign वापरत असाल आणि वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडत असेल, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या मेन्यूत Adobe World-Ready Paragraph Composer निवडा.

मराठी सरळ आणि इंग्रजी तिरकी ठेवून फरक दाखवायची पद्धत सोडून द्या. लिपीच वेगळी आहे, फरक मुलाला दिसतो. मराठी-कोरकूसारखं दोन्हीकडे देवनागरी असलेलं पुस्तक असेल तर गोष्ट निराळी. तिथे वजनात किंवा फॉन्टमध्ये ठळक फरक करावाच लागतो.

मजकुराचा तोल

इथे शब्द मोजू नका, ओळी मोजा. ‘आजीच्या पिशवीतून’ हे मराठीत दोन शब्द आहेत, इंग्रजीत चार होतात. पण मराठी शब्द लांब आणि उंच असतात, त्यामुळे शब्दसंख्येवरून जागेचा अंदाज हमखास चुकतो.

आधी इंग्रजी लिहून मराठी करायची, की उलट? इंग्रजी आधी असेल तर मराठीत ‘ती तिच्या आजीच्या घरी गेली आणि तिने तिची पिशवी उघडली’ अशी वाक्यं येतात. पानावर ‘ती, तिच्या, तिने’ यांची गर्दी दिसली की समजायचं, मराठी उसनी आहे. ‘आजीकडे गेली, पिशवी उघडली’ एवढ्यानं भागतं. मराठी आधी असेल तर उलटा रोग होतो: इंग्रजी समजावून सांगायला लागते. आजी म्हणजे आईची किंवा वडिलांची आई, थालीपीठ म्हणजे अमुक. अशा एका स्पष्टीकरणानं इंग्रजीची ओळ वाढते आणि पट्टा चित्रात घुसतो. ‘आजी’ इंग्रजीतही आजीच राहू द्या. ती कोण हे चित्रात दिसतंच.

माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे: पानागणिक दोन्ही भाषा एकत्र लिहायच्या आणि दोन्ही कापायच्या. खरी कसोटी लागते पान उलटताना. समजा आठव्या पानावर पिशवी हलतेय आणि नवव्यावर मांजराचं पिल्लू दिसणार आहे. ही दोन्ही पानं समोरासमोर आली तर गंमत आधीच फुटली, म्हणून हलणारी पिशवी उजवीकडच्या, विषम आकड्याच्या पानावर हवी. म्हणजे ती नवव्या पानावर घ्या आणि पिल्लू दहाव्यावर. आता मराठीत ‘आत कोण बसली होती?’ लिहिलं तर निम्मं गुपित फुटलं. ‘आत कोण बसलं होतं?’ यात ते राहतं. इंग्रजी प्रश्नाला लिंगाची भानगड नसते, पण दहाव्या पानावर पिल्लाला सर्वनाम द्यायची वेळ आली की तिथे निवड करावी लागते, आणि ती पुढच्या सगळ्या पानांवर आणि चित्रांत सारखी ठेवावी लागते.

शब्दक्रमाचंही तसंच. ‘एका पिल्लानं पिशवीतून डोकं बाहेर काढलं’ यात उलगडा सुरुवातीलाच होतो. तो उलटवा: नवव्या पानावर ‘पिशवीतून हळूच डोकं बाहेर काढलं...’ आणि दहाव्यावर ‘पिल्लानं!’ इंग्रजीतही ‘आउट ऑफ आजीज बॅग’नं सुरुवात करून पिल्लू शेवटी आणता येतं. दोन्ही भाषांत उलगडा एकाच पानावर पडायला हवा. एका भाषेत तो आधी पडला तर दुसऱ्या भाषेचा वाचक शिळी गंमत वाचतो.

शाईचा रंग

मराठी काळी आणि इंग्रजी नारिंगी, ही मोहक कल्पना बहुतेक जणांना सुचते. चार रंगांच्या छपाईत नारिंगी ही मुख्यतः किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांतून बनते. दोन प्लेटी केसभर सरकल्या की बारीक अक्षरांच्या कडा फाटक्या दिसतात. देवनागरी रंगीत केली तर अनुस्वार आणि रफार आधी बिघडतात. चित्रात कोरलेली पांढरी अक्षरं त्याहून महाग पडतात, कारण त्यांच्यासाठी चारही प्लेटींत भोक ठेवावं लागतं.

दोन्ही भाषा निव्वळ काळ्या शाईत, चित्रावर थेट छापल्या तर हे त्रास उरत नाहीत. शिवाय उद्या मराठी-गुजराती किंवा मराठी-जर्मन आवृत्ती काढायची ठरली तर फक्त काळी प्लेट बदलते, बाकी तीन तशाच राहतात. त्याची एक अट आहे. चित्रकाराला आधीच सांगायचं की गोष्टीशी संबंध असलेली अक्षरं चित्रात रंगवू नकोस. एसटीवरची पाटी, दुकानाचं नाव हे गावचं म्हणून मराठीत खुशाल असू द्या. पण ‘धबाक!’ चित्रात रंगवलं असेल तर प्रत्येक नव्या भाषेसाठी ते चित्र पुन्हा काढावं लागेल.