ग्राहकांना दिवाळीच्या शुभेच्छा: ब्रॉडकास्ट, हाताने टाइप केलेला मेसेज की पत्र?

समजा तुमचं हिशेब आणि रिटर्न भरण्याचं छोटं ऑफिस आहे आणि ग्राहक आहेत दीडशे.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी पाच मिनिटांत सगळं उरकते. एका यादीत 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. म्हणजे नवे ग्राहक नेमके सुटतात. दुसरीकडून आलेलं चित्र पुढे ढकललं तर वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्काही बसतो. दिव्याचं चित्र, खाली ऑफिसचं नाव आणि तीन मोबाइल नंबर, ही तर जाहिरातच झाली. ब्रॉडकास्ट वापरायचाच तर सुट्टी कळवायला वापरा: ऑफिस कधी बंद, कधी उघडणार.

एकेकाला टाइप केलेल्या मेसेजला प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर दीडशे जणांना पाच तास लागतात. वसुबारसेपासून रोज तीसेक केले तर जमतं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मात्र टाळा, तेव्हा सगळ्यांचेच फोन वाजत असतात. व्यापाऱ्याला पाडव्याच्या सकाळी पाठवा, त्याची नवी वही तेव्हाच उघडते.

मजकुरात काय हवं? आपण बोलताना मारतो ती हाक आणि या वर्षातली दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट. एक्सेलमधून उचललेलं ‘प्रिय श्री. रमेश गणपत पाटील’ वाचलं की मशीन लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा हे बघा:

‘पाटीलकाका, पाडव्याच्या शुभेच्छा. जुलैत भर पावसात तुम्ही बिलांची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलीत, एक कागद भिजला नव्हता. काकूंना नमस्कार सांगा.’

यात काम आहे, पण आकडा नाही. नोटीस, कर्ज, थकलेली फी यांतलं काही लिहू नका. फोन घरातलं कोणीही उघडतं. ‘नवीन वर्षात आमच्या सेवेचा लाभ घ्या’ हे वाक्य तर आधीचं सगळं पुसून टाकतं.

हाताने लिहिलेलं पत्र वीस-पंचवीस जणांनाच झेपतं: जुने ग्राहक, किंवा ज्यांनी तुमच्याकडे दुसरी माणसं पाठवली ते. आठ-दहा दिवस आधी पेटीत टाका. पोस्टकार्ड उघडं असतं, म्हणून मी पाकीटच घेईन.

पाठवण्याआधी यादीवर एकदा नजर टाका. ज्यांच्या घरी या वर्षी कोणी गेलं असेल त्यांना ‘आनंदाची दिवाळी’ नको. दिवाळीनंतर फोन करून चौकशी करा. ज्यांच्या घरी दिवाळी नसते त्यांच्यासाठी ईद, नाताळ किंवा 1 जानेवारी.

माझा कौल: पंचवीस पत्रं, बाकीच्यांना हाताने टाइप केलेला मेसेज. एवढा वेळ नसेल तर निम्म्यांना दिवाळीला लिहा, उरलेल्यांना गुढीपाडव्याला.